लॅक्टोजची गुलाबी आणि रंगहीन विभागणी: मॅककॉन्की आगरची पार्श्वभूमी

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विषमज्वराचा जीवाणू पाण्यात किंवा मलात शोधणे फार कठीण होते, कारण तेथे कोलाय जीवाणूंचे प्रमाण प्रचंड असते आणि आगर या जेलीसारख्या साध्या माध्यमावर दोघांच्या वसाहती सारख्याच दिसतात. लॅक्टोज ही दुधातील शर्करा कोलाय आंबवतात, विषमज्वराचा जीवाणू आंबवत नाही, हे तेव्हा ठाऊक झाले होते. त्यामुळे लॅक्टोज आणि लिटमस घातलेले आगर युरोपातील प्रयोगशाळांत वापरात आले. पण त्यावर आतड्याशी संबंध नसलेले जीवाणूही मुबलक वाढत, आणि अशा गर्दीत रंगाचा फरक वाचता येत नसे.

इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या मॅककॉन्की या जीवाणूशास्त्रज्ञाने 1900 मध्ये या माध्यमात पित्तक्षार घातले. जे जीवाणू आतड्यात राहतात ते पित्त सहन करतात, इतर बहुतेक करत नाहीत, हा त्यामागचा विचार होता. पहिल्या आवृत्तीत रंगद्रव्य नव्हते. लॅक्टोज आंबवणाऱ्या वसाहतीभोवती आम्ल साठले की पित्तक्षारांतील आम्ले अविद्राव्य होऊन धुरकट वलय दिसे, आणि तेवढ्यावरूनच भेद केला जाई. काही वर्षांतच न्यूट्रल रेड हे दर्शक त्यात आले आणि वलयाच्या जोडीला रंगही मिळाला. ग्रॅम पॉझिटिव्ह जीवाणूंना अधिक काटेकोरपणे रोखण्यासाठी क्रिस्टल व्हायोलेट नंतर घातले गेले. आजच्या एका रूढ सूत्रात एका लिटरमागे लॅक्टोज 10 ग्रॅम, पित्तक्षार दीड ग्रॅम, न्यूट्रल रेड 0.03 ग्रॅम आणि क्रिस्टल व्हायोलेट अवघे 0.001 ग्रॅम असते. इतके थोडे व्हायोलेटही एन्टेरोकोकस आणि स्टॅफिलोकोकस यांना रोखायला बहुधा पुरते.

या सूत्रातील सर्वांत महत्त्वाची निवड म्हणजे त्यात लॅक्टोजखेरीज दुसरी शर्करा नाही. जो जीवाणू लॅक्टोज वापरतो तो आम्ल तयार करतो, सामू 6.8 च्या खाली उतरतो आणि वसाहत गुलाबी किंवा लाल होते. ज्याला लॅक्टोज वापरता येत नाही त्याला पेप्टोनवर, म्हणजे माध्यमातील प्रथिनांच्या तुकड्यांवर, जगावे लागते. त्यातून अमोनिया सुटतो, सामू वर जातो आणि वसाहत रंगहीन किंवा फिकट पिवळसर राहते. ग्लुकोज असते तर आतड्यातील जवळजवळ सर्वच जीवाणूंनी आम्ल केले असते आणि हा भेद नाहीसा झाला असता.

मात्र येथे खरा प्रश्न वेळेचा आहे, आणि या माध्यमाच्या इतिहासातील सर्वांत मोठा वाद त्याच्याभोवतीच झाला. प्लेट 35 ते 37 अंशांवर 18 ते 24 तास ठेवून वाचायची, ही प्रथा कामाच्या सोयीतून आली. तिने काढलेली रेषा मात्र पुढे जीवाणूंच्या वर्गीकरणात शिरली. जे जीवाणू चोवीस तासांत लॅक्टोज आंबवत नाहीत, पण चार-पाच दिवसांनी आंबवतात, त्यांचे काय करायचे? त्यांना ‘पॅराकोलन’ म्हटले जाऊ लागले. या नावाखाली एकमेकांशी फारसा संबंध नसलेले जीवाणू एकत्र आले. आज सिट्रोबॅक्टर, हॅफ्निया आणि प्रॉव्हिडेन्सिया म्हणून ओळखले जाणारे जीवाणू, तसेच साल्मोनेलाचा एक उपप्रकार, असे सारे त्यात होते. रुग्णाच्या अहवालावर ‘पॅराकोलन’ लिहिले, तर तो रोगजंतू की निरुपद्रवी रहिवासी, याचे उत्तर मिळत नसे. एका प्लेटच्या वाचनाच्या वेळेला जातीचे लक्षण मानणे ही माझ्या मते मूळ चूक होती, आणि हे नाव मागे पडायला अनेक दशके लागली, हे त्या चुकीचेच मोल होते.

खरे तर या उशिराचा अर्थ शोधण्याची संधी फार आधी आली होती. 1907 मध्ये एका अभ्यासकाने लॅक्टोजच्याच एका भेददर्शक आगरवर कोलायची रंगहीन वसाहत वाढवली. काही दिवसांनी त्या वसाहतीवर लाल गाठी उगवल्या. गाठीतून घेतलेले जीवाणू कायमचे लाल निघाले, तर फिकट भागातून घेतलेले पुन्हा फिकट वाढले आणि त्यांच्यावर पुन्हा लाल गाठी आल्या. म्हणजे उशीर हा कधीकधी उत्परिवर्तनाचा असतो: जो थोडा भाग लॅक्टोज वापरू लागतो तोच उरलेल्यांना मागे टाकतो. पुढे पॅरिसमधील एका गटाने अशाच परिवर्तनशील कोलायच्या कुळावर काम केले आणि 1956 मध्ये दाखवले की लॅक्टोज पेशीत आणण्यासाठी स्वतंत्र वाहक प्रथिन लागते. पेशीत लॅक्टोज फोडणारे विकर असूनही हा वाहक नसेल तर जीवाणूला लॅक्टोज मिळत नाही.

या शोधाने प्लेटचे वाचन बदलले. ओएनपीजी हे रंगहीन संयुग वाहकाविना पेशीत शिरते आणि विकराने फुटले की पिवळा रंग देते, म्हणून उशिरा आंबवणारा जीवाणू काही तासांतच ओळखता येतो. आमांश करणारा शिगेला सोनेई हे त्याचे नेमके उदाहरण आहे. समजा अतिसाराच्या रुग्णाचे मल मॅककॉन्कीवर रेघाटले. दुसऱ्या दिवशी कोलायच्या गुलाबी, वलय असलेल्या वसाहतींत काही फिकट वसाहती दिसल्या. त्यांची ओएनपीजी चाचणी पिवळी आली, तर जीवाणू साल्मोनेला असण्याची शक्यता खूप कमी होते आणि सोनेईचा संशय बळावतो. तीच प्लेट आणखी दोन-तीन दिवस ठेवली तर त्या वसाहती गुलाबी होऊ लागतील, आणि ज्याने त्या तेव्हाच प्रथम पाहिल्या तो त्यांना कोलाय समजेल.

वाचनाची फसगत इतर दोन मार्गांनीही होते. दाट वाढ असेल तर शेजारच्या वसाहतींचे आम्ल माध्यमात पसरते आणि फिकट वसाहतही गुलाबी भासते, म्हणून निर्णय सुट्या वसाहतींवरूनच घ्यावा. याउलट प्लेट फार काळ ठेवली तर लॅक्टोज संपते, जीवाणू पेप्टोनकडे वळतात आणि गुलाबी रंग उतरू लागतो. शिवाय पित्तक्षार इतर जीवाणूंना रोखतात, मारतातच असे नाही. स्वच्छ दिसणाऱ्या फिकट वसाहतीखालीही असे दबलेले जीवाणू असू शकतात. म्हणून ओळखचाचणीपूर्वी ती वसाहत पुन्हा रेघाटून शुद्ध करावी लागते.

1982 मध्ये अमेरिकेत कोलायच्या O157 प्रकाराने रक्ती अतिसाराच्या साथी आल्या, तेव्हा या पद्धतीची दुसरी मर्यादा उघड झाली. हा रोगजंतू लॅक्टोज नेहमीप्रमाणे आंबवतो, त्यामुळे निरुपद्रवी कोलायच्या गुलाबी गर्दीत तो सापडेना. तोपर्यंत प्रयोगशाळा संशयित म्हणून फिकट वसाहतीच उचलत होत्या. उपाय त्याच सूत्रात निघाला: लॅक्टोज काढून सॉर्बिटॉल घातले. बहुतेक कोलाय सॉर्बिटॉल चोवीस तासांत आंबवतात, O157 बहुधा आंबवत नाही, म्हणून आता तो फिकट दिसतो. पण सॉर्बिटॉल आंबवणारे O157 प्रकारही नंतर जर्मनीत आढळले, आणि त्यांच्यासाठी प्लेटच्या रंगावर विसंबण्याऐवजी ते तयार करत असलेल्या विषाचा किंवा त्या विषाच्या जनुकाचा थेट शोध घ्यावा लागतो.