पीओची स्लिप, छापील अटी आणि जीआरएन: हा घोळ आला कुठून

पीओ काय, जीआरएन काय हे सातपूर-अंबडच्या मंडळींना सांगत बसत नाही. विषय एवढाच की आपल्या कोटेशनच्या मागे आपल्या अटी, कंपनीच्या पीओच्या मागे कंपनीच्या अटी, मधे एखादं ऑर्डर अॅक्सेप्टन्स जातं, माल निघतो, आणि पैशावरून वाजलं की मग दोघंही आपापला कागद काढतात.

कायदा 1872 चा आहे. करार कायद्याचं कलम 7 म्हणतं की स्वीकार पूर्ण आणि बिनशर्त पाहिजे. म्हणजे "ऑर्डर मान्य, फक्त पेमेंट 30 दिवसांत" असं लिहिलं की ते मान्य करणं राहत नाही, तो तुमचा उलटा प्रस्ताव होतो आणि चेंडू परत समोरच्याकडे. कलम 8 म्हणतं की प्रस्तावात सांगितलेलं काम करून टाकलं तरी तो स्वीकारच. दोन्ही बाजूंचे छापील फॉर्म एकमेकांना छेद देतील तेव्हा काय करायचं, याचं वेगळं कलमच नाही, सगळं या दोन कलमांतून ओढूनताणून काढायचं.

आता तो निकाल, ज्याचा दाखला या वादात हमखास निघतो. इंग्लंडमधला, 1977 चा, अपील कोर्टाचा. आपल्या कोर्टांना तो बंधनकारक नाही, पण कलम 7 वर वाद आला की वकील तो काढतातच. मामला मशीन टूलचा, म्हणजे आपल्या गावाला कळेल असाच. विकणाऱ्याने 23 मे 1969 ला कोटेशन दिलं, किंमत 75,535 पौंड, डिलिव्हरी दहा महिन्यांत, आणि अटींत लिहिलेलं की डिलिव्हरीपर्यंत खर्च वाढला तर किंमत वाढेल, शिवाय आमच्याच अटी चालतील. घेणाऱ्याने 27 मे ला ऑर्डर दिली ती स्वतःच्या फॉर्मवर, त्यात किंमत वाढवायची सोयच नाही. फॉर्मच्या खाली फाडून परत पाठवायची एक चिठ्ठी होती, "तुमची ऑर्डर त्यातल्या अटींवर मान्य" असा मजकूर. विकणाऱ्याने 5 जूनला त्या चिठ्ठीवर सही करून ती परत पाठवली, पण सोबत पत्र लावलं की ऑर्डर आमच्या 23 मेच्या कोटेशनप्रमाणे घेतोय. मशीन द्यायची वेळ आली तेव्हा 2,892 पौंड जास्त मागितले.

खालच्या कोर्टात विकणारा जिंकला. अपिलात उलटलं. कोर्ट म्हणालं कोटेशन हा प्रस्ताव, घेणाऱ्याची ऑर्डर हा उलटा प्रस्ताव, आणि चिठ्ठीवरची सही म्हणजे त्याचा स्वीकार. मग सोबतचं पत्र? ते कोर्टाने फक्त मशीन कुठलं आणि किंमत किती हे ओळखण्यापुरतं धरलं, मागच्या छापील अटी त्यातून परत येत नाहीत. तिघांपैकी एका न्यायाधीशाचा रस्ता वेगळा होता, एकेक कागद मोजण्यापेक्षा सगळा पत्रव्यवहार एकत्र वाचून ठरवावं असं त्याचं म्हणणं, निकाल मात्र तोच. मला हे विकणाऱ्यावर थोडं जडच वाटतं, पत्र मुद्दाम लावलं होतं ना. पण एक मान्य करावं लागतं, सही केलेल्या चिठ्ठीत "त्यातल्या अटींवर" हे शब्द होते आणि पत्रात "चिठ्ठीतलं सोडून आमच्या अटी" असं स्पष्ट कुठेच नव्हतं.

अमेरिकेने विसाव्या शतकात वेगळी वाट धरली, तिथल्या व्यापार संहितेत फॉर्म जुळले नाहीत तरी करार होऊ शकतो आणि भांडणाऱ्या अटी बऱ्याच वेळा एकमेकांना काटतात. आपल्याकडे तसं कलम नाही. त्यामुळे शेवटचा फॉर्म कुणाचा आणि त्यानंतर काम कुणी केलं, इथेच गाडी येते.

अंबडच्या एखाद्या सीएनसी शॉपचं उदाहरण धरू, आकडे समजण्यापुरते. 2,000 पिन, 180 रुपयाने, म्हणजे 3,60,000. कोटेशनमध्ये लिहिलंय की स्टीलचा रेट वाढला तर फरक घेणार, पेमेंट 30 दिवस. पीओ येतो: रेट फिक्स, पेमेंट जीआरएनपासून 90 दिवस, आणि "तीन दिवसांत हरकत आली नाही तर पीओ मान्य धरू". शॉपवाला काहीच कळवत नाही, बार आणून मशीनवर लावतो आणि माल पाठवतो. नुसत्या गप्प बसण्याने स्वीकार होत नाही, ती तीन दिवसांची ओळ एकटी फार चालत नाही, पण माल पाठवला की कलम 8 लागतं आणि पीओच्या अटी गळ्यात. पिनमागे 9 रुपये फरक, एकूण 18,000, ते मागायला मग आधार उरत नाही. हाच शॉपवाला माल निघण्याआधी मेल करतो की "पीओ मिळाला, रेट आणि पेमेंटच्या अटी आमच्या कोटेशनप्रमाणे, त्याव्यतिरिक्त अटी मान्य नाहीत", आणि कंपनी उत्तर न देता माल उतरवून घेते, तर पारडं त्याच्याकडे झुकतं. नक्की म्हणत नाही, कारण पीओत "आमच्या लेखी संमतीशिवाय बदल नाही" असं असतं आणि कोर्ट तेही बघतं. इन्व्हॉइसवर खाली "नाशिक न्यायकक्षा" छापून मात्र बहुधा काही होत नाही, तो कागद येईपर्यंत करार होऊन गेलेला असतो.

कार्बन कॉपीच्या जमान्यात ही चिठ्ठी निदान हातात यायची, वाचायची सोय होती. आता पोर्टल. बऱ्याच ठिकाणी पीओ कन्फर्म केल्याशिवाय डिस्पॅचची एंट्रीच होत नाही, गेटवर गाडी अडते, म्हणून ऑफिसमधला मुलगा बटण दाबून मोकळा होतो. ते बटण म्हणजे 1969 ची तीच सही केलेली चिठ्ठी, आणि इथे पत्र जोडायची जागाही नसते. मेल करायचाच तर बटणाच्या आधी करावा, नंतर केलेला मेल म्हणजे झालेल्या करारात बदल मागणं.

पेमेंटच्या अटीचा खरा धक्का 2006 च्या सूक्ष्म-लघु-मध्यम उद्योग कायद्याने दिला. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु असेल तर लेखी ठरलं असलं तरी 45 दिवसांच्या वर जाता येत नाही, लेखी नसेल तर 15 दिवस. हे दिवस माल स्वीकारल्यापासून मोजायचे, आणि इथे स्वीकार म्हणजे जीआरएन नव्हे. माल प्रत्यक्ष पोचला तो दिवस. घेणाऱ्याने 15 दिवसांत लेखी हरकत घेतली तरच ती दूर होईल तो दिवस. आपल्या उदाहरणात माल 3 जूनला उतरला, जीआरएन 14 जूनला झालं. पीओप्रमाणे पैसे 12 सप्टेंबरला, कायद्याप्रमाणे 18 जुलैच्या आत. त्यापुढे बँक रेटच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज. म्हणजे फॉर्मच्या लढाईत हरलात तरी ही एक अट कंपनीच्या हातातून निसटते.

तरी वर्षानुवर्षं कुणी व्याज मागत नव्हतं, ऑर्डर जायची भीती. मग 1 एप्रिल 2024 पासून आयकरातली दुरुस्ती लागू झाली, मुदतीत न दिलेली रक्कम कंपनीला ज्या वर्षी देईल त्याच वर्षी खर्च म्हणून दाखवता येते, आणि मार्चमध्ये अकाउंट्सवाल्यांचे फोन स्वतःहून यायला लागले, उद्यम सर्टिफिकेट पाठवा म्हणून. ते ऑर्डर घेण्याआधीचं असेल तर वादाचा एक मुद्दा कमी. तक्रार न्यायची तर ती 2006 च्या कायद्याखालच्या, पुरवठादाराच्या भागातल्या परिषदेपुढे जाते, घेणारा भारतात कुठेही असो, त्यामुळे पीओत न्यायकक्षा "फक्त मुंबई" छापलेली असली तरी ती ओळ तिथे आड येत नाही. स्टीलच्या फरकाचे ते 18,000 मात्र यात मिळत नाहीत, कारण रेट काय ठरला हे अजूनही कलम 7 आणि 8 वरच जातं.