फ्लॅटमेटला घर सोडण्याची सूचना (पुणे)

भाड्याच्या फ्लॅटमध्ये एकत्र राहणाऱ्यांपैकी एकाने करार संपण्याआधी निघायचे ठरवल्यावर सोबतच्यांना पाठवायचा मेसेज. तारीख, नोटीस आणि डिपॉझिटमधला वाटा या तीन गोष्टी त्यात ठरतात. कोथरूड, कर्वेनगर, वाकड, विमाननगर अशा भागांत नोकरी बदलली किंवा शिक्षण संपले की ही वेळ येते.

पुण्यात असे फ्लॅट बहुधा ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर दिले जातात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार हा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो. नोटीस किती दिवसांची, लॉक-इन म्हणजे घर सोडता न येणारा सुरुवातीचा काळ किती महिन्यांचा, हे त्यातच लिहिलेले असते. एक महिन्याची नोटीस नेहमीची. पण हा करार घरमालक आणि राहणारे यांच्यातला. राहणाऱ्यांनी आपसात काय ठरवले, याचा कागद सहसा कुठेच नसतो. म्हणून मैत्रीतला मेसेजसुद्धा नेमका लिहावा. तोंडी सांगितलेले ‘पुढच्या महिन्यात बघते’ हे नोटीस धरायचे की नाही, यावरच पुढे कुरबुर होते.

मालकाच्या दृष्टीने फ्लॅट एक, भाडे एक आणि डिपॉझिटही एकच. एकजण गेला म्हणून मालक डिपॉझिटमधला त्याचा हिस्सा काढून देत नाही. घर रिकामे झाल्यावर रंगकाम, साफसफाई वजा करून एकदम परत करतो. त्यामुळे निघणाऱ्याचे पैसे येतात ते त्याच्या जागी येणाऱ्या नव्या माणसाकडून.

कर्वेनगरमधला तीन मुलींचा टूबीएचके घेऊ. भाडे २७,००० म्हणजे प्रत्येकी ९,०००. डिपॉझिट ७५,०००, प्रत्येकी २५,०००. करार १ ऑगस्ट ते ३० जून, नोटीस एक महिना, लॉक-इन संपलेला. एकीला ३१ मार्चला निघायचे आहे. फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात ती लिहिते:

‘अगं ऐका ना, आधी तुम्हा दोघींनाच सांगतेय. मला नवीन जॉब मिळालाय, त्यामुळे ३१ मार्चला मी फ्लॅट सोडतेय. मार्चचं भाडं नेहमीसारखं देईन. माझ्या जागी कुणीतरी शोधायला मी आजपासूनच लागते, पण कोण येणार ते तुम्हीच ठरवा, राहायचंय तुम्हाला. माझे डिपॉझिटचे २५,००० नव्या मुलीकडून घेऊ, त्यातून रंगकामाचा माझा वाटा कमी करून. मार्चचं लाइट बिल आलं की माझा हिस्सा पाठवते. ओनर काकांना आपण तिघी मिळून सांगू या का? रविवारी चहा करते, तेव्हा बोलू.’

रंगकामाचा वाटा आधी काढणे महत्त्वाचे, कारण तो बहुतेकदा विसरला जातो. करार संपताना मालक ९,९०० कापणार असे ठरलेले असेल, तर ११ महिन्यांत महिन्याला ९०० आणि माणशी ३०० होतात. ऑगस्ट ते मार्च आठ महिने राहिलेल्या मुलीचा भार २,४००. म्हणून नवी मुलगी तिला २२,६०० देते. जूनअखेर नवीच्या हिश्श्यातून ३,३०० कापून २१,७०० परत येतात. तिला पडतात फक्त तिच्या तीन महिन्यांचे ९००. हा हिशेब न करता पूर्ण २५,००० घेतले, तर जुन्या डागांचा खर्च नवीच्या माथी येतो. लाइट बिल मात्र मागाहून येते, म्हणून निघायच्या दिवशी मीटरच्या रीडिंगचा फोटो काढून ग्रुपवर टाकावा.

सर्वांत जास्त भांडणे होतात ती ‘शेवटचे भाडे माझ्या डिपॉझिटमधून वळते करा’ या एका वाक्यावरून. मालकाला मार्चमध्ये पूर्ण २७,००० हवेच असतात. निघणारीने ९,००० दिले नाहीत तर उरलेल्या दोघींना १३,५०० प्रत्येकी भरावे लागतात, आणि ती भरपाई नवी मुलगी येईपर्यंत अडकते. हा मार्ग घ्यायचाच असेल तर दोघींना आधी विचारावे, परस्पर गृहीत धरू नये.

३१ मार्चपर्यंत कोणी सापडलेच नाही, तर काय, हेही त्या रविवारीच ठरवावे. नोटीस पूर्ण दिली असेल तर एप्रिलचे भाडे निघणारीने देऊ नये, पण डिपॉझिटसाठी तिने नवी मुलगी येईपर्यंत किंवा करार संपेपर्यंत थांबावे, ही तडजोड मला सर्वांत न्याय्य वाटते. मात्र मालकासोबतच्या करारावर तिचे नाव आहे तोवर मालक थकलेल्या भाड्यासाठी तिलाही विचारू शकतो. त्यामुळे नवी मुलगी आली की मालकाची लेखी संमती घ्यावी. पुष्कळ मालक अशा वेळी नवा करारच नोंदवायला सांगतात. त्याचा मुद्रांक व नोंदणीचा खर्च कोण करणार हेही बोलून घ्यावे, आणि पोलिसांकडे भाडेकरूची माहिती नव्याने द्यावी.