सीमांत वेग (वेगाच्या प्रमाणातील विरोध)

हवेतून किंवा द्रवातून पडणाऱ्या वस्तूला होणारा विरोध तिच्या वेगाच्या प्रमाणात वाढत असेल, तर काही काळाने तो विरोध वस्तूच्या वजनाची बरोबरी करतो. तेथून पुढे वस्तू एकाच वेगाने पडत राहते. हा वेग म्हणजे सीमांत वेग. ‘अंतिम वेग’ हा शब्दही रूढ आहे, परंतु शालेय गतिविषयक समीकरणांत तो वेगळ्या अर्थाने, म्हणजे ठरावीक काळानंतरच्या वेगासाठी (v), वापरला जातो. म्हणून या नोंदीत ‘सीमांत’ हाच शब्द ठेवला आहे.

विरोध वेगाच्या प्रमाणात असतो, ही कल्पना प्रथम कोणी मांडली याविषयी मतभेद आहेत. क्रिस्तियान हायगेन्स याने १६६८ च्या सुमारास असे गणित केले होते, पण ते छापून आले १६९० मध्ये. तत्पूर्वी १६८७ मध्ये आयझॅक न्यूटनने ‘प्रिन्सिपिया’च्या दुसऱ्या खंडाची सुरुवातच या गृहीतकाने केली आणि अशा माध्यमात उभ्या रेषेत पडणाऱ्या वस्तूचा वेग एका कमाल मर्यादेकडे सरकतो, हे दाखवले. अग्रक्रम द्यायचाच झाला तर विचाराचा हायगेन्सला आणि प्रकाशनाचा न्यूटनला, ही विभागणी अधिक न्याय्य वाटते. मात्र न्यूटनने त्याच प्रकरणाच्या शेवटी हे गृहीतक भौतिकीपेक्षा गणिताचे अधिक आहे, असे बजावले आहे. त्याला भौतिक आधार मिळाला तो जॉर्ज गॅब्रिएल स्टोक्स याच्या निबंधाने. तो १८५० च्या डिसेंबरात वाचला गेला आणि सामान्यतः १८५१ चा म्हणून उल्लेखिला जातो. त्यानुसार r त्रिज्येच्या गोलावरील विरोध 6πμrv इतका असतो. येथे μ ही माध्यमाची श्यानता (चिकटपणाचे माप) होय.

वस्तूचे वस्तुमान m आणि विरोधाचा गुणक b धरला, तर गतीचे समीकरण असे होते:

m dv/dt = mg − bv

स्थिर अवस्थेतून सोडलेल्या वस्तूला सुरुवातीला विरोध जवळजवळ नसतो, म्हणून ती पूर्ण g त्वरणाने पडू लागते. वेग वाढतो तसा bv वाढतो, उरलेले बल घटते आणि त्यामुळे वेगाची वाढही मंदावते. समीकरण सोडवले की v = v_t(1 − e^(−t/τ)) मिळते. यात v_t = mg/b हा सीमांत वेग आणि τ = m/b हा कालांक. एका कालांकात वेग सीमांत वेगाच्या ६३ टक्क्यांवर पोहोचतो, पाच कालांकांत ९९ टक्क्यांच्या पुढे. गणिताने तो पूर्ण १०० टक्के कधीच होत नाही. वस्तू सुरुवातीलाच v_t पेक्षा जास्त वेगाने आली तर हाच वक्र उलटा होतो आणि वेग वरून खाली उतरत त्याच मूल्याशी येतो. वक्र काढताना हा भाग बहुधा विसरला जातो.

पुण्यात हिवाळ्याच्या पहाटे मुठेच्या काठावर धुके उतरते. त्यातील १० मायक्रोमीटर त्रिज्येचा एक थेंब घेऊ. हवेची श्यानता सुमारे 1.8 × 10⁻⁵ पास्कल-सेकंद धरल्यास सीमांत वेग सेकंदाला १.२ सेंटिमीटर येतो आणि कालांक १.२ मिलिसेकंद. सुरुवातीपासूनच सीमांत वेगाने पडणाऱ्या थेंबाच्या तुलनेत, सुरुवातीच्या त्वरणाच्या टप्प्यामुळे हा थेंब किती मागे पडतो, तर v_tτ इतका, म्हणजे १५ मायक्रोमीटर. हे अंतर थेंबाच्या स्वतःच्या व्यासाहूनही कमी आहे. अशा थेंबाला दहा मीटर उंचीच्या वाड्याच्या कौलांपासून अंगणापर्यंत यायला, हवा अगदी स्तब्ध असली तरी, चौदा मिनिटे लागतील. धुके तरंगते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात ते पडतच असते, पण हवेची बारीकशी वर जाणारी झुळूकही त्याला पुरून उरते. पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेत ढगांतील कणांचा अभ्यास चालतो. तेथे थेंबाचा आकार आणि पडण्याचा वेग यांचे हे नाते रोजच्या कामाचे आहे.

सूत्राची मर्यादा लवकर येते. त्रिज्या ४० मायक्रोमीटरच्या आसपास गेली की थेंबाभोवतीच्या हवेचे जडत्व जाणवू लागते आणि सूत्र वेग जास्त सांगते. १ मिलिमीटर व्यासाच्या पावसाच्या थेंबाला ते सेकंदाला सुमारे ३० मीटर वेग देते, मोजलेला वेग मात्र सुमारे ४ मीटरच भरतो. पर्वतीवरून टाकलेल्या चेंडूला तर हे सूत्र मुळीच लावू नये. तेथे विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

हवेतला थेंब डोळ्याने धरता येत नाही, म्हणून महाविद्यालयांच्या प्रात्यक्षिकांत हेच गणित ग्लिसरीनमध्ये पाहतात. द्रव दाट असल्याने वजनातून प्लावक बल वजा करावे लागते, एवढाच फरक. उंच मोजपात्रात सायकलच्या फ्रीव्हीलचा ३.२ मिलिमीटर व्यासाचा छर्रा सोडला, तर २० अंश सेल्सिअसला त्याचा सीमांत वेग सेकंदाला सुमारे अडीच सेंटिमीटर असायला हवा. येथे कालांक सुमारे ३ मिलिसेकंद येतो. छऱ्याबरोबर थोडे ग्लिसरीनही ढकलले जात असल्याने प्रत्यक्षात तो किंचित जास्त, तरीही डोळ्याला न दिसणारा. मग जेथून वेळ मोजायला सुरुवात करतात ती पात्रावरची पहिली खूण पृष्ठभागाखाली पाच सेंटिमीटरवर कशासाठी? त्वरण संपावे म्हणून, असे वह्यांत लिहिलेले असते. खरे कारण आत शिरतानाची खळबळ आणि छऱ्याला चिकटून आलेला हवेचा बुडबुडा. छर्रा आधी ग्लिसरीनमध्येच भिजवून घेतला की बुडबुडा टळतो.

दर दहा सेंटिमीटरला सारखाच वेळ लागला म्हणजे सीमांत वेग आला, एवढे नक्की. पण त्यावरून विरोध वेगाच्या प्रमाणात आहे, हे सिद्ध होत नाही. विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असता तरीही वेळा सारख्याच आल्या असत्या. निर्णय होतो तो दुप्पट व्यासाचा छर्रा टाकून. पहिल्या नियमानुसार वेग चौपट व्हावा, दुसऱ्यानुसार केवळ १.४ पट. ३ सेंटिमीटर त्रिज्येच्या मोजपात्रात हे गुणोत्तर बहुधा साडेतीनच्या आसपास किंवा थोडे खालीच भरते. चारच्या खाली येण्याचा दोष मुख्यतः भिंतींचा: त्या लहान छऱ्याला सुमारे ११ टक्के मंद करतात, मोठ्याला सुमारे २२ टक्के. तरी १.४ पासून ते इतके दूर असते की निकालात शंका राहत नाही.

राहता राहिले तापमान. शुद्ध ग्लिसरीनची श्यानता २० अंशांना १.४१ पास्कल-सेकंद आहे, ३० अंशांना सुमारे ०.६१. त्यामुळे डिसेंबरातल्या सकाळी दहा सेंटिमीटरला चार सेकंद घेणारा छर्रा एप्रिलच्या दुपारी पावणेदोन सेकंदांतच खाली येतो. पावसाळ्यात आणखी एक गोष्ट होते. उघडे राहिलेले ग्लिसरीन हवेतील ओल शोषते आणि वजनाच्या ५ टक्के पाण्यानेही त्याची श्यानता निम्म्याहून कमी होते. म्हणून छर्रा टाकण्याआधी आणि नंतर द्रवाचे तापमान लिहावे, आणि जुलैत भरलेले पात्र झाकून ठेवावे.