वाफेबरोबर किती गेलं, पातेल्यात किती उरलं?

वाइन किंवा रम घातलेल्या पदार्थाच्या कृतीत एक वाक्य ठरलेलं असतं: "दोन-तीन मिनिटं उकळू द्या, अल्कोहोल उडून जाईल." त्यामागचं कारणही सगळ्यांना पाठ आहे. अल्कोहोल 78 अंशांना उकळतं आणि पाणी 100 ला, म्हणजे पाण्याला उकळी फुटेपर्यंत अल्कोहोल संपलेलं असणार. म्हणून आहाराची नोंद ठेवणारे काहीजण त्या पेलाभर वाइनची ऊर्जा शून्य धरतात. काहीजण याच्या उलट बाटलीवरचा आकडा जसाच्या तसा लिहितात. दोन्ही हिशेब चुकीचे आहेत. खरं उत्तर कुठे दडलंय ते शोधताना रसायनशास्त्रातली एक फार सुंदर गोष्ट हाती लागते, आणि या लेखाची बरीचशी जागा मी तिलाच देणार आहे.

आधी मूळ भांडवल मोजू. समजा, रश्श्यात 12 टक्के अल्कोहोलची 250 मिलिलिटर वाइन घातली. बाटलीवरची टक्केवारी आकारमानाची असते, त्यामुळे यात 30 मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल आलं. ते पाण्यापेक्षा हलकं असल्यामुळे त्याचं वजन भरतं सुमारे 23.7 ग्रॅम. अल्कोहोलच्या एका ग्रॅमातून शरीराला साधारण 7 किलोकॅलरी मिळतात. पिष्टमय पदार्थांतून 4 आणि चरबीतून 9 मिळतात, म्हणजे अल्कोहोल चरबीच्या बरंच जवळ आहे. आपल्या पातेल्यात अल्कोहोलच्या रूपाने सुमारे 166 किलोकॅलरी पडल्या. ही ऊर्जा रेणूच्या आत, त्याच्या बंधांमध्ये असते. शिजताना अल्कोहोलचे रेणू फुटत नाहीत, ते फक्त निघून जातात. त्यामुळे प्रश्न इतकाच उरतो की किती रेणू गेले आणि किती राहिले.

आता त्या 78 अंशांकडे वळू. हा उत्कलनबिंदू शुद्ध अल्कोहोलचा आहे. पाण्यात मिसळल्यावर अल्कोहोलचा वेगळा आणि पाण्याचा वेगळा असे दोन उत्कलनबिंदू उरत नाहीत. मिश्रणाला एकच उकळी येते, आणि अल्कोहोल थोडं असेल तर ती 100 च्या थोडी अलीकडेच येते. त्या उकळीतून निघणाऱ्या वाफेत पहिल्या बुडबुड्यापासून दोन्ही घटक असतात. पातेल्यात तापमापी धरलीत तर काटा 78 वर थांबून अल्कोहोल संपण्याची वाट पाहताना कधीच दिसणार नाही.

पण वाफेत दोघांचं प्रमाण द्रवातल्यासारखं नसतं, आणि खरी गंमत इथेच आहे. अल्कोहोलच्या रेणूला दोन टोकं असतात. एका टोकाला ऑक्सिजन आणि हायड्रोजनची जोडी आहे, तिचं पाण्याशी उत्तम जमतं. दुसऱ्या टोकाला दोन कार्बनची छोटीशी शेपटी आहे. ती तेलाच्या जातीची असल्यामुळे पाण्याला नकोशी वाटते. भरपूर पाण्यात थोडंसं अल्कोहोल असलं की प्रत्येक शेपटीला चारी बाजूंनी पाण्याचे रेणू घेरतात. तिला सामावून घ्यायला त्यांना आपापसातली रचना बदलावी लागते, आणि तो खटाटोप टाळण्याकडेच पाण्याचा कल असतो. परिणामी अल्कोहोलचा रेणू द्रवातून बाहेर ढकलला जातो. मुळात 100 अंशांना शुद्ध अल्कोहोलचा बाष्पदाब, म्हणजे वाफ होऊन बाहेर पडण्याचा जोर, पाण्याच्या सव्वादोन पट असतो. त्यावर पाण्याच्या या नावडीने आणखी सुमारे पाच पट भर पडते. दोन्ही आकडे गुणले की उत्तर 11 च्या आसपास येतं. पातळ मिश्रणात पाण्याच्या तुलनेत अल्कोहोल जवळपास 11 पट उत्साहाने वाफेत जातं.

पातेल्यात याचा अर्थ काय, ते पाहू. वाइनसकट रश्श्यातला द्रव एक किलो आहे असं धरलं तर त्यात अल्कोहोल वजनाने सुमारे 2.4 टक्के असेल. मात्र पहिल्या उकळीच्या वाफेत ते 20 टक्क्यांच्या वर असतं. पातेल्यावर वाकल्यावर नाकाला जो झणका बसतो, तो याच वाफेचा. काही मिनिटांत तो ओसरतो आणि "उडालं वाटतं" असं आपण म्हणतो. खरं तर तेव्हा फक्त वाफेतलं प्रमाण उतरलेलं असतं.

11 पटीचा हा हिशेब चक्रवाढ व्याजासारखा चालतो, फक्त उलट्या दिशेने. पाण्याचा एक टक्का उडाला की अल्कोहोलचे सुमारे 11 टक्के जातात. पुढचा एक टक्का उडाला की उरलेल्यातले 11 टक्के जातात, आणि असंच पुढे. शंभर ग्रॅम पाणी, म्हणजे द्रवाचा दहावा भाग उडतो तोवर अल्कोहोल 31 टक्क्यांवर आलेलं असतं. आपल्या उदाहरणात 7 ग्रॅमच्या थोडं वर अल्कोहोल, म्हणजे 52 किलोकॅलरी उरल्या. दोनशे ग्रॅम उडाले की साडेआठ टक्के, म्हणजे जेमतेम 14 किलोकॅलरी राहतात. आकडा दर टप्प्यावर लहान होत जातो, पण शून्य होत नाही.

या हिशेबात घड्याळ कुठेच आलं नाही, हे तुमच्या लक्षात आलं असेल. अल्कोहोल किती गेलं हे किती मिनिटं झाली यावर ठरत नाही, किती पाणी उडालं यावर ठरतं. तेच पातेलं, तीच आच, तोच अर्धा तास. फक्त घट्ट झाकण ठेवलं, तर गोष्ट पार बदलते. वाफ झाकणाला आतून लागते, थंड होते आणि थेंब होऊन परत रश्श्यात पडते. त्या थेंबांत अल्कोहोल रश्श्यापेक्षा जास्त असतं, म्हणजे नेमकं जे घालवायचं होतं तेच झाकण परत पाठवत राहतं. कडेच्या फटीतून वीसच ग्रॅम पाणी निसटलं असेल तर सुमारे 80 टक्के अल्कोहोल जागेवर राहतं आणि 166 मधल्या 133 किलोकॅलरी ताटात येतात. रुंद, उघड्या कढईत तेवढ्याच वेळात कदाचित दीडशे ग्रॅम पाणी उडेल. म्हणून "दोन तास शिजवलं" एवढं सांगून कळत नाही. झाकण होतं का आणि भांडं केवढं रुंद होतं, हे विचारावं लागतं.

अर्थात 11 हा जोरदार उकळीचा, सर्वांत अनुकूल आकडा आहे. मंद आचेवर रटरटणाऱ्या रश्श्याचा पृष्ठभाग उकळीच्या खाली असतो. तिथे रेणूंना हवेच्या थरातून वाट काढत जावं लागतं, आणि अल्कोहोलचा रेणू पाण्याच्या रेणूच्या अडीच पट जड असल्यामुळे हवेतून हळू सरकतो. त्याची आघाडी कमी होते. दुसरी अडचण दाटपणाची. रस दाट असेल आणि ढवळला नसेल तर वरच्या थरातलं अल्कोहोल उडून जातं, पण खालचं वर यायला वेळ लागतो. भाजीच्या किंवा मांसाच्या तुकड्यांत मुरलेलं अल्कोहोल तर आणखी सावकाश बाहेर पडतं. त्यामुळे प्रत्यक्षात उरणारा हिस्सा माझ्या हिशेबापेक्षा थोडा जास्तच निघतो.

किती जास्त? 1992 साली अमेरिकेत सहा पाककृती खरोखर शिजवून, त्यांत उरलेलं अल्कोहोल प्रयोगशाळेत मोजलं गेलं. कृतीनुसार 4 टक्क्यांपासून 85 टक्क्यांपर्यंत अल्कोहोल शिल्लक होतं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यात ढवळत मंद शिजवलेल्या पदार्थासाठी अर्ध्या तासानंतर 35 टक्के, एका तासानंतर 25 टक्के आणि अडीच तासांनंतर 5 टक्के असे आकडे दिले आहेत. आपल्या वाइनला ते लावले तर अनुक्रमे 58, 42 आणि 8 किलोकॅलरी उरतात. हे आकडे सरासरीचे आहेत, तुमच्या पातेल्याचे नव्हेत. तरी "दोन मिनिटांत सगळं उडतं" या समजुतीचा निकाल लावायला ते पुरेसे आहेत.

तुमच्या पातेल्याचा अंदाज घ्यायला स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. वाइन घातल्यावर पातेलं सगळ्या ऐवजासकट तोला, शिजल्यावर पुन्हा तोला. जेवढं वजन घटलं तेवढी वाफ गेली. मध्ये पाणी वाढवलंत तर तेही तोलून घाला आणि एकूण घटीत धरा, कारण इथे हमखास फसगत होते. समजा शंभर ग्रॅम पाणी आटलं, तुम्ही शंभर ग्रॅम नवं ओतलं आणि तेही आटवलं. रस्सा एकदाच आटवल्याइतका दिसेल, पण अल्कोहोल 31 टक्क्यांचे पुन्हा 31 टक्के, म्हणजे दहा टक्क्यांच्याही खाली गेलेलं असेल. नव्या पाण्याबरोबर नवं अल्कोहोल आलेलं नसतं. म्हणून रस किती दाट दिसतो यावरून अंदाज बांधू नये.

हेही सांगायला हवं की उरलेल्या 52 किलोकॅलरी चौघांत वाटल्या तर प्रत्येकी 13 येतात. एक चमचा तेलातून याच्या तिप्पट मिळतात. वजनाच्या काळजीने वाइनचा रस्सा टाळण्यात फारसा अर्थ नाही. पण जे अल्कोहोल पूर्ण वर्ज्य करतात, त्यांच्यासाठी प्रश्न ऊर्जेचा नसतोच. व्यसनातून बाहेर पडलेला माणूस असो, दारू सोडवण्यासाठीचं डायसल्फिराम हे औषध घेणारा रुग्ण असो किंवा धर्माने बंधन घातलेला कुणी असो, त्याला "शिजवलंय, आता काही उरलं नाही" असं छातीठोक सांगणं ही फसवणूक आहे, मग सांगणाऱ्याचा हेतू कितीही चांगला असो.

राहता राहिली रम, आणि तिच्यासोबतचा आगीचा तमाशा. 60 मिलिलिटर, 40 टक्के अल्कोहोलची रम म्हणजे सुमारे 19 ग्रॅम अल्कोहोल आणि 133 किलोकॅलरी. ती उकळत्या सॉसमध्ये घालून लगेच भांडं उतरवलं तर तक्त्याप्रमाणे 85 टक्के, म्हणजे 113 किलोकॅलरी आत राहतात. पेटवून दिली तर 75 टक्के, म्हणजे शंभराच्या आसपास. निळी ज्योत भांडंभर नाचते तेव्हा सगळं जळून गेल्यासारखं वाटतं, पण जळते ती फक्त पृष्ठभागावरची वाफ. हवेत अल्कोहोलची वाफ साधारण सव्वातीन टक्क्यांच्या वर असेल तोवरच ती पेट घेते. द्रव थोडा पातळ झाला, थोडा निवला की वाफ त्या पातळीखाली येते आणि ज्योत विझते. तेव्हाही रममधल्या अल्कोहोलच्या चार भागांपैकी तीन भाग खाली सॉसमध्येच असतात.