दोन क्लिपमधला सांधा कसा जुळवतो

एआयवर बनवलेल्या दोन क्लिप घेऊन ग्राहक आमच्याकडे येतात. दोन्ही छान असतात, पण एकापाठोपाठ लावल्या की मध्ये खटका बसतो. तो घालवायला आम्ही एक छोटी जोडक्लिप बनवतो. पहिल्या क्लिपची शेवटची फ्रेम ही तिची सुरुवात, दुसरीची पहिली फ्रेम हा तिचा शेवट. मधली हालचाल मॉडेल भरतं.

लालबागच्या एका मसालेवाल्यांचं उदाहरण घ्या. पहिल्या क्लिपमध्ये डंखात मिरची कुटली जात होती, दुसरीत कालवणावर लाल तर्री होती. पहिल्या खेपेला जोडक्लिप फसली, कारण मुसळ खाली येता येता अर्ध्यावरच क्लिप संपत होती. मॉडेलला मिळतं ते स्थिर चित्र. मुसळ वर चाललंय की खाली, हे त्यावरून कळत नाही. त्याने ते वर नेलं! मग आम्ही नऊ फ्रेम मागे गेलो. तिथे मुसळ तळाला टेकून क्षणभर थांबतं. क्लिप तिथेच कापली आणि तीच फ्रेम दिली.

प्रॉम्प्टमध्ये कॅमेऱ्याची वाट लिहिली: सावकाश मिरचीपुडीच्या जवळ जा, सगळी फ्रेम लाल होऊ दे, मग मागे सरकत तर्री दाखव. अशी वाट सांगितली नाही आणि दोन चित्रांत काहीच साम्य नसलं, तर मॉडेल बहुतेकदा एक चित्र दुसऱ्यात विरघळवून मोकळं होतं. तेवढं तर साध्या एडिटिंगमध्येही जमतं.

फ्रेम काढताना स्क्रीनशॉट घेऊ नका. त्यात आकार आणि रंग बदलू शकतात. आम्ही ffmpeg या प्रोग्रॅमने मूळ फाइलमधूनच काढतो:

```
ffmpeg -sseof -1 -i a.mp4 -update 1 last.png
ffmpeg -i b.mp4 -frames:v 1 first.png
```

जोडताना सांध्यावर तीच फ्रेम दोनदा येते आणि चित्र किंचित अडकल्यासारखं वाटतं, म्हणून जोडक्लिपच्या दोन्ही टोकांची एकेक फ्रेम आम्ही काढून टाकतो. क्लिप सेकंदाला 24 फ्रेमची आणि जोडक्लिप 16 ची असेल, तर आधी वेग जुळवावा लागतो. शेवटी सांध्याच्या आसपास एकेक फ्रेम पुढे सरकवत रंग पाहतो. जोडक्लिप जराशी फिकट निघाली तरी डोळ्याला लगेच खटकतं, ती रंग दुरुस्त करूनच बसवतो.

पाकिटावरची मराठी अक्षरं मात्र अजून जोडक्लिपमध्ये टिकत नाहीत, वेलांट्या आणि जोडाक्षरं वितळतात. तुमचं लेबल सांध्याच्या फ्रेममध्ये येणार नाही, अशा बेताने क्लिप बनवा. दोन्ही क्लिप एकाच आकाराच्या ठेवा, दोन्ही उभ्या किंवा दोन्ही आडव्या. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवणार असाल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर फाइल दाबली जाते आणि फ्रेम धूसर निघते.