'शांत ठेवायची' गोळी कमी करताना

स्मृतिभ्रंश झालेल्या आजी-आजोबांसाठी आमच्या दुकानातून दर महिन्याला रिसपेरिडोन, क्वेटियापिन किंवा ओलान्झापिन नेणाऱ्या घरांसाठी हे पत्रक आहे. गेल्या रविवारी दुकानाच्या माडीवर याच विषयावर मनोविकारतज्ज्ञांचं व्याख्यान झालं. लावणीच्या दिवसांत बऱ्याच जणांना येता आलं नाही, म्हणून हे लिहून देतोय.

घरोघरी हिला झोपेची गोळी म्हणतात. ती झोपेची नाही. अंगावर धावून जाणं, घाबरवणारे भास, टोकाचा संशय यांसाठी ती देतात. तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारणं किंवा घरभर येरझारा घालणं यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

ब्रिटनमधल्या २००९ च्या एका अहवालात हिशेब मांडलाय. अशा १,००० रुग्णांना सुमारे १२ आठवडे गोळी दिली, तर ९१ ते २०० जणांना ठळक फायदा होतो. त्याच वेळी पक्षाघातासारखे त्रास १८ जणांना जास्त होतात आणि मृत्यू १० जास्त होतात. म्हणून गुण आला तरी चार महिन्यांच्या आत डोस उतरवून बघावा, आणि चार आठवड्यांत गुणच नसेल तर बंद करावी, असं डॉक्टर म्हणाले.

मग त्यांनी नाव न घेता ८२ वर्षांच्या एका आजींची हकिगत सांगितली. खुब्याच्या ऑपरेशननंतर त्या रात्री बरळायच्या, 'माझ्या पाटल्या चोरल्या' म्हणून नर्सवर ओरडायच्या. अर्धा मिलिग्रॅम रिसपेरिडोन सकाळ-संध्याकाळ सुरू झालं. घरी आल्यावर आठवड्याभरात बरळणं थांबलं, गोळी मात्र १४ महिने चालू राहिली. (चिठ्ठी आली की आम्हीही देतच राहतो, हे कबूल केलं पाहिजे.) आजी पाय ओढत चालू लागल्या, पडवीत दोनदा पडल्या.

डॉक्टरांनी आधी सकाळची गोळी बंद केली. दोन आठवड्यांनी रात्रीची अर्धी केली, आणखी दोन आठवड्यांनी तीही थांबवली. सूनबाई कॅलेंडरवर रोज झोप, जेवण, आरडाओरडा लिहायच्या. तिसऱ्या आठवड्यात दिवेलागणीला आजी घरातच बसून 'मला घरी न्या' म्हणून रडू लागल्या. गोळी परत वाढवायची का, म्हणून मुलाचा फोन आला. कॅलेंडर पाहिलं, तर चार दिवस शौचास झालंच नव्हतं, आणि पावसात वीज गेल्याने ओटी अंधारी. रेचक दिलं, चार्जिंगचा दिवा लावला, तीन दिवसांत सगळं निवळलं. डोस वाढवावा लागला नाही. लघवीची जळजळ, दुखणारा दात, कानातलं यंत्र बंद पडणं यांनीही असंच होतं.

सगळ्यांना हे जमतंच असं नाही. पूर्वी तीव्र भास होत असतील तर गोळी थांबवल्यावर ते उलटण्याची शक्यता जास्त असते. जुना मानसिक आजार असेल तर गणितच वेगळं. म्हणून स्वतःहून एकदम बंद करू नका. बंद झाल्यावरही चार महिने लक्ष ठेवा.

पुढच्या वेळी येताना गोळी कधी आणि कशासाठी सुरू झाली ते कागदावर लिहून आणा. डॉक्टरांना दाखवायची चिठ्ठी आम्ही काउंटरवर मोफत तयार करून देतो.