तीस अंशांचा उतार का पुरत नाही

इंदुरात घर बांधताना गच्चीच्या उताराचा विचार होतो तो पावसाच्या पाण्यापुरता. शंभराला एक एवढा उतार मोरीच्या दिशेने दिला की काम झालं. स्लॅबवर माणसं चढतील, पापड-कुरडया वाळतील, लग्नात मांडव पडेल, म्हणून भारतीय मानकानुसार दर चौरस मीटरला साधारण १५० किलोचा वापरभार धरायचा. आमच्याकडच्या बहुतेक नकाशांत हा आकडा न विचारता येऊन बसतो. रामबागेतल्या आमच्या ओळखीच्या एका काकांनी निवृत्तीनंतर मनालीच्या वर थोडी जागा घेतली आणि तिथल्या घराचा नकाशा इथेच काढून घेतला, तेव्हा त्यातही तो येऊन बसला होता. आठ मीटर रुंद, दहा मीटर लांब, सपाट गच्ची, भोवती कठडा. काकूंची अट एवढीच होती की उन्हाला बसायला जागा हवी.

आता हिशेब करू. अशा उंचीवर एखाद्या हिवाळ्यात जमिनीवर १.२ मीटर बर्फ साठला असं धरू. प्रत्यक्ष आकडा त्या जागेच्या उंचीवरून आणि नोंदींवरूनच घ्यावा लागतो. ताजा, कोरडा हिम फार हलका असतो. घनमीटरला पन्नास ते शंभर किलो. पण चार-आठ दिवसांत तो बसतो, दबतो, दिवसा थोडा वितळून रात्री पुन्हा गोठतो आणि २५० किलोपर्यंत जातो. म्हणजे जमिनीवर दर चौरस मीटरला ३०० किलो. छपरावर वारा थोडा उडवून नेतो, म्हणून मानक सपाट छपरासाठी जमिनीच्या ०.८ पट धरतं. झाले २४० किलो. ऐंशी चौरस मीटरच्या गच्चीवर १९,२०० किलो, म्हणजे १९२ क्विंटल.

स्लॅब लगेच कोसळेल असं नाही. रचनाकार भाराच्या दीडपट धरून सळई घालतो. पण सुरक्षेसाठी ठेवलेली ती शिल्लक बर्फानेच खाल्ली, आणि खरा घात पुढे असतो. फेब्रुवारी-मार्चमध्ये बर्फावर पाऊस पडतो. कठड्याच्या आत साठलेला थर ते पाणी धरून ठेवतो, निचऱ्याचं तोंड गोठलेलं असतं, आणि घनमीटरला ४०० किलोपर्यंत वजन जातं. थर तेवढ्याच जाडीचा दिसतो, पण त्याच हिशेबाने गच्चीवर आता चौरस मीटरला ३८४ किलो असतात. २००६ च्या जानेवारीत पोलंडमधल्या कातोवित्से शहरात प्रदर्शनाच्या मोठ्या सभागृहाचं सपाट छप्पर बर्फाखाली कोसळलं आणि ६५ माणसं गेली. बर्फाची जाडी पाहून वजनाचा अंदाज बांधणं म्हणून धोक्याचं. खालच्या खोलीचं दार एकाएकी घासायला लागलं, छताच्या मध्यावर नवी भेग दिसली, लाकडी छप्पर रात्री कुरकुरू लागलं, तर आधी माणसं बाहेर काढायची.

मग काकांनी तोडगा सुचवला. “थोडा उतार देऊ ना, पंचवीस-तीस अंश. कोकणात देतात तसा.”

इथेच बहुतेकांची फसगत होते. हिमभारासाठी असलेल्या मानकात (आयएस ८७५, भाग ४, १९८७) साध्या दोन पाख्यांच्या छपराला ३० अंशांपर्यंत मुळीच सूट नाही. सपाटला ०.८, पंधराला ०.८, तीसलाही ०.८. तीसच्या पुढे हा गुणक सरळ रेषेत उतरत जातो आणि ६० अंशांना शून्य होतो. ४५ अंशांना तो बरोबर ०.४ असतो. काकांच्या घराला ३० अंशांचा उतार दिला तरी १९२ क्विंटल कायम. ४५ चा दिला तर ९६. पावसाचं पाणी दोन अंशांवरही वाहतं, बर्फ वाहत नाही. तो घन पदार्थ आहे. त्याला घसरावं लागतं आणि घसरण्याआधी पकड सुटावी लागते.

ही पकड उताराबरोबर कशी बदलते ते मजेदार आहे. आभाळातून दर आडव्या चौरस मीटरवर १०० किलो हिम पडला असं समजा. ३० अंशांच्या पाख्यावर तो थोड्या जास्त पृष्ठभागावर पसरतो, म्हणून पाख्याच्या एका चौरस मीटरवर ८७ किलो येतात. या वजनाचे दोन भाग करता येतात. ७५ किलो पत्र्यावर काटकोनात दाबतात आणि ४३ किलो उताराच्या दिशेने खाली ओढतात. दाबामुळे घर्षण वाढतं, ओढीमुळे घसरण होते. आता पाखा ६० अंशांचा करा. ओढ किती झाली? तेवढीच, ४३ किलो. पण दाब ७५ वरून २५ वर आला.

उतार वाढवला की बर्फाला खाली ओढणारं बळ वाढतच जातं, असं आपण सहज धरून चालतो. वस्तुतः दर चौरस मीटरची ओढ ४५ अंशांना सर्वाधिक, म्हणजे ५० किलो असते आणि पुढे उलट कमी होते, कारण उभ्या पाख्याच्या प्रत्येक मीटरच्या वाट्याला हिमच कमी येतो. उभं छप्पर बर्फ टाकतं ते मुख्यतः पकड ढिली झाल्यामुळे. ३० अंशांवर बर्फ थांबवायला दाबाच्या ५८ टक्के घर्षण पुरतं, ४५ वर दाबाइतकंच लागतं आणि ६० वर दाबाच्या पावणेदोन पट. एवढं घर्षण कुठल्याच साध्या छपरापाशी नसतं.

निव्वळ घर्षण असतं तर गुळगुळीत पत्र्यावरून बर्फ ३० अंशांच्या कितीतरी आधीच निघून गेला असता. तसं होत नाही, कारण हिमाचे कण एकमेकांना आणि खालच्या पृष्ठभागाला गोठून चिकटतात, शिवाय आढ्यावरून पलीकडे गेलेला थर या बाजूच्या थराला वरून धरून ठेवतो. म्हणून रात्रभर पडलेला बर्फ सकाळी पत्र्यावर गप्प बसलेला असतो आणि दुपारी ऊन लागून तळाशी पाण्याचा पातळ थर झाला की अख्खं पाखं एकदम खाली येतं. खडबडीत पृष्ठभागावर, म्हणजे लाकडी फळ्यांवर किंवा पाटीच्या दगडावर, ही पकड जास्त टिकते. अमेरिकेच्या मानकात हा फरक आकड्यांत दिसतो: खालून ऊब मिळणाऱ्या, गुळगुळीत आणि अडथळा नसलेल्या छपराला ५ अंशांपासूनच सूट सुरू होते, बाकीच्यांना उशिरा. यात एक गंमत आहे. छताला चांगलं उष्णतारोधक अस्तर घातलं की घर उबदार राहतं, पण पत्रा थंड राहतो आणि बर्फ चिकटून बसतो.

म्हणून कोणी अस्तर टाळू नये. तसं केलं तर घरातली ऊब वर जाते, पाख्यावरचा बर्फ तळातून वितळतो, पाणी उतरत वळचणीपर्यंत येतं, आणि वळचण भिंतीच्या बाहेर असल्याने तिथे खालून ऊब नसते. पाणी तिथे गोठतं. गोठून गोठून बर्फाचा बांध तयार होतो, मागे पाणी तुंबतं आणि पत्र्यांच्या सांध्यातून उलटं आत शिरतं. ओळखायची खूण सोपी आहे. वळचणीला लांब, जाड बर्फाच्या पागोळ्या लोंबत असतील तर छपरातून ऊब गळतेय. पर्यटक त्यांचे फोटो काढतात, घरमालकाने पोटमाळ्यावर चढून अस्तर पाहावं.

मग सरळ ६० अंशच का नको? आठ मीटर रुंदीच्या घरात ३० अंशांना आढं भिंतीच्या वर २.३ मीटर जातं, ४५ ला ४ मीटर आणि ६० ला जवळजवळ ७ मीटर. पत्रा अनुक्रमे ९२, ११३ आणि १६० चौरस मीटर लागतो. साठला पत्रा सपाट छपराच्या दुप्पट, शिवाय एवढं उंच छप्पर वाऱ्याला छाती काढून उभं. माझं मत ४५ चं. भार निम्मा होतो, पत्रा चाळीस टक्केच वाढतो आणि आढ्याखाली वापरता येण्याजोगी एक खोली मिळते. मात्र कैच्या मोजताना दोन्ही पाख्यांवर सारखा बर्फ धरून भागत नाही. वारा एका बाजूचा बर्फ उचलून पलीकडे टाकतो, उन्हाचं पाखं आधी रिकामं होतं, आणि एका बाजूला ओझं नि दुसरी बाजू मोकळी अशा छपराला आडवा रेटा बसतो. ती अवस्था वेगळी तपासावी लागते.

सपाट छपरं डोंगरात नसतातच असंही नाही. लेहमध्ये पिढ्यान्‌पिढ्या मातीची सपाट धाबी आहेत आणि ती बरोबर आहेत, कारण तिथे वर्षभरात पाऊस आणि बर्फ मिळून साधारण १०० मिलिमीटर पाण्याइतकंच पडतं. पडला तो बर्फ फावड्याने ओढून टाकता येतो. श्रीनगरला ते जमत नाही, म्हणून तिथे उतरत्या पत्र्याची छपरं. नकाशा दुसऱ्या गावातून उचलताना आधी तिथल्या बर्फाचं पाणी किती होतं ते विचारायला हवं.

आता निघून गेलेला बर्फ जातो कुठे? काकांच्या घराचं एक पाखं आडव्या मापाने ४० चौरस मीटर व्यापतं. वारा काहीच उडवून नेत नाही असं धरलं आणि त्यावरचा हिम पूर्ण घसरला तर बारा टन खाली येतात. पडताना तो ठेचून घट्ट होतो, घनमीटरला ५०० किलो धरू. भिंतीलगत दोन मीटरच्या पट्ट्यात तो पडला तर १.२ मीटरचा ढीग होतो आणि खाली आधीच १.२ मीटर बर्फ आहे. एकूण २.४ मीटर. खिडक्या गेल्या, दार असेल तर दारही. ढीग वळचणीला टेकला तर वरच्या बर्फाला घसरायला जागाच उरत नाही आणि ०.४ चा गुणक कागदावरच राहतो.

म्हणून नव्या नकाशात मुख्य दार वळचणीच्या बाजूचं काढून त्रिकोणी भिंतीच्या बाजूला नेलं. वळचणीखालचा उतरता व्हरांडाही काढला, कारण वरच्या पाख्यावरचे बारा टन त्याच्यावर आदळले असते. काकांनी दारावर बर्फ पडू नये म्हणून पत्र्यावर लोखंडी अडसर बसवण्याची कल्पना मांडली होती. ते बसवता येतात, पण मग बर्फ घसरत नाही आणि मानकाने दिलेली सूट जाते. ४५ अंशांच्या छपराच्या कैच्या पुन्हा ०.८ धरूनच मोजाव्या लागतात. धुराडं आणि संडासाची हवेची नळी पाख्याच्या खालच्या भागात असली तर घसरता बर्फ ती मुळापासून उपटतो, तेव्हा दोन्ही आढ्यालगत नेली. इंदूरच्या सवयीने छपरावर दाखवलेला सोलर हीटर दक्षिणेच्या भिंतीजवळ वेगळ्या सांगाड्यावर उभा केला, ढिगापासून चांगला लांब. काकूंची उन्हाची जागाही तिथेच, त्रिकोणी भिंतीच्या पुढ्यात फरसबंदी करून दिली.